दहाने भागण्याआधी

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार ६२७ भरली. २०११ मध्ये ती ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ झाली. दहा वर्षांतली वाढ १५.९९ टक्के, म्हणजे सोळाच धरा. आता कुणी विचारले की लोकसंख्या दरवर्षी किती टक्क्यांनी वाढली, तर बहुतेक जण सोळाला दहाने भागून १.६ असे उत्तर देतात. हे उत्तर तपासून पाहणे सोपे आहे. २००१ च्या आकड्यावर १.६ टक्के वाढ धरा, जो आकडा येईल त्यावर पुन्हा १.६ टक्के, असे दहा वेळा करा. २०११ साठी आकडा येतो ११ कोटी ३५ लाखांच्या थोडा वर. प्रत्यक्ष मोजणीपेक्षा तो पावणेबारा लाखांनी जास्त आहे. २०११ मध्ये अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात साडेआठ लाख माणसे होती. म्हणजे एका साध्या भागाकारापायी एका जिल्ह्याहून मोठी चूक झाली.

चूक कुठे आहे ते कळायला वेळ लागत नाही. लोकसंख्या सरळव्याजाने वाढत नाही, चक्रवाढीने वाढते. २००५ साली वाढणारी माणसे २००१ च्या लोकसंख्येवर नव्हे, तर २००४ च्या लोकसंख्येवर वाढतात. त्यामुळे दरवर्षीचा दर १.६ पेक्षा कमी असूनही दहा वर्षांत सोळा टक्के गाठता येतात. पण कमी म्हणजे किती कमी? नीट उत्तर हवे तर १.१६ चे दहावे मूळ काढावे लागते. ते कागदावरही कंटाळवाणे आहे, मनात तर अशक्यच. तरीही हे उत्तर मनातल्या मनात, दशांशचिन्हानंतर दोन घरे बरोबर येईल इतपत काढता येते. त्यासाठी लॉगरिदमची एकच गोष्ट पक्की माहीत असावी लागते: १ मध्ये एखादी लहान संख्या मिळवून तिचा नैसर्गिक लॉग घेतला, तर उत्तर जवळजवळ तीच लहान संख्या येते. सूत्रात लिहायचे तर

ln(1 + x) ≈ x

लॉगचे काम एका वाक्यात सांगता येते. तो गुणाकाराची बेरीज करतो. जॉन नेपियरने १६१४ मध्ये आपली कोष्टके प्रसिद्ध केली ती याचसाठी, की खगोलाची गणिते करणाऱ्यांचे लांबलचक गुणाकार बेरजेवर यावेत. आपल्या प्रश्नात (१ + वार्षिक दर) हा एकच अवयव दहा वेळा स्वतःशी गुणला गेला आणि १.१६ आले. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की दहा गुणाकारांची दहा सारख्या लॉगांची बेरीज होते. म्हणजे १.१६ च्या लॉगला दहाने भागले की एका वर्षाचा लॉग मिळाला. तर दहाने भागणे चुकीचे नव्हतेच. आपण भागले ते टक्क्यांना, आणि भागायला हवे होते लॉगला.

ज्यांनी कॉलेजात लॉगची कोष्टके उलटली आहेत त्यांना इथे एक शंका येईल. त्या कोष्टकांत १.०१ च्या समोर ०.००४३ असते. त्याचे आणि ०.०१ चे तर काहीच साम्य नाही. ती कोष्टके दहाच्या पायावरची. पाया २.७१८२८… हा, म्हणजे e, घेतला की १.०१ चा लॉग ०.००९९५ येतो, १.०२ चा ०.०१९८०, १.०५ चा ०.०४८७९. एक टक्क्याचा लॉग जवळजवळ एक टक्का, दोनचा जवळजवळ दोन. दुसरा कुठलाही पाया घेतला तर मध्ये एक गुणक येऊन बसतो. या एकाच पायावर तो गुणक १ असतो, आणि या लॉगला नैसर्गिक म्हणण्याचे मोठे कारण हेच आहे.

असे का होते ते एका आकृतीत दिसते. आडव्या रेषेवर t घ्या आणि प्रत्येक t वर १/t इतकी उंची मांडा. जो वक्र तयार होतो तो एकच्या ठिकाणी १ उंचीवर असतो, दोनच्या ठिकाणी अर्ध्यावर, आणि पुढे हळूहळू उतरत जातो. या वक्राखालचे १ पासून १.१६ पर्यंतचे क्षेत्रफळ हाच १.१६ चा नैसर्गिक लॉग. हे क्षेत्रफळ लॉगसारखे वागते हे बेल्जियमच्या भागातला जेझुइट गणिती ग्रेग्वार द सँ-व्हँसाँ याच्या १६४७ च्या ग्रंथातून पुढे आले. त्या क्षेत्रफळाची श्रेणी १६६८ मध्ये निकोलाउस मर्केटरने छापली. हा नकाशे काढणारा मर्केटर नव्हे, दुसरा. न्यूटनने तीच श्रेणी त्याआधी काही वर्षे स्वतः शोधून काढली होती, पण ती त्याच्या वह्यांतच राहिली.

आता ती आकृती नजरेसमोर ठेवा. १ पासून १.१६ पर्यंतच्या पट्टीची रुंदी ०.१६ आहे. पट्टी अरुंद आहे, तेवढ्यात वक्र फारसा उतरत नाही. म्हणून सगळीकडे उंची १ च आहे असे धरले तर पट्टीचा आयत होतो आणि त्याचे क्षेत्रफळ ०.१६ गुणिले १, म्हणजे ०.१६. नियम एवढाच आहे. लहान x साठी लॉग म्हणजे x रुंदीचा आणि १ उंचीचा आयत.

चूकही त्याच आकृतीत दिसते. वक्र उतरतो, म्हणून आयताचा वरचा उजवा कोपरा वक्राच्या बाहेर राहतो. हा जादा तुकडा जवळजवळ काटकोन त्रिकोण आहे. त्याचा पाया x आणि उंचीही साधारण x, कारण १ च्या जवळ वक्र जितका पुढे जातो तितकाच खाली येतो. त्रिकोणाचे क्षेत्रफळ पायाच्या आणि उंचीच्या गुणाकाराच्या निम्मे. म्हणून चूक होते x च्या वर्गाच्या निम्म्याइतकी. x टक्क्यांत असेल तर हिशेब आणखी सोपा: टक्क्यांचा वर्ग करा आणि २०० ने भागा. पाच टक्क्यांवर ही चूक २५ भागिले २००, म्हणजे टक्क्याचा आठवा भाग. दहा टक्क्यांवर अर्धा टक्का. सोळावर २५६ भागिले २००, म्हणजे १.२८.

माझ्या मते ln(1+x) ≈ x या सूत्राइतकेच त्याच्या चुकीचे हे सूत्र लक्षात ठेवायला हवे. नुसते पहिले लक्षात ठेवणारा कधी थांबायचे ते ओळखू शकत नाही.

सोळातून १.२८ वजा केले की १४.७२ उरतात. खरा लॉग १४.८४ टक्के आहे. आपण जरा जास्त वजा केले, कारण वक्र सरळ रेषेत उतरत नाही. उतरता उतरता तो आडवा होत जातो आणि कापलेला तुकडा पूर्ण त्रिकोणापेक्षा थोडा लहान भरतो. मर्केटरच्या श्रेणीतले पुढचे पद, x च्या घनाचा तिसरा भाग, ही कसर भरून काढते. त्यानंतरचे पद पुन्हा वजा, मग पुन्हा अधिक. पण मनात घन करत बसण्याची गरज नाही. आयताची उंची शहाणपणाने निवडली तर एका भागाकारात काम होते.

उंची डाव्या टोकाची, म्हणजे १, घेतल्यामुळे चूक आली. ती पट्टीच्या मधोमध घ्या. मध्यावर वक्र खऱ्या सरासरी उंचीच्या अगदी जवळ असतो, डावीकडे जितका वर तितकाच उजवीकडे खाली. १ आणि १.१६ यांचा मध्य १.०८. तिथली उंची १ भागिले १.०८. म्हणजे ०.१६ ला १.०८ ने भागायचे. जनगणनेच्या आकड्यांत याचा अर्थ असा, की वाढ भागिले सुरुवातीची लोकसंख्या असे न करता वाढ भागिले दोन्ही लोकसंख्यांची सरासरी करायची. महाराष्ट्राची वाढ १ कोटी ५५ लाख. ९ कोटी ६९ लाख आणि ११ कोटी २४ लाख यांची सरासरी साधारण १० कोटी ४६ लाख. भागाकार येतो ०.१४८. खऱ्या लॉगशी फरक तिसऱ्या दशांशानंतर पडतो. दहाने भागले की दरवर्षी १.४८ टक्के.

इथे एक पायरी अजून आहे आणि ती पुष्कळदा राहून जाते. हा १.४८ म्हणजे एका वर्षाचा लॉग. वर्षअखेरीस प्रत्यक्षात किती टक्के वाढ दिसेल हे त्यापेक्षा किंचित जास्त असते, कारण आता आपण आकृतीत उलट दिशेने जात आहोत, लॉगवरून वाढीकडे. मघाशी वजा केलेला वर्गाचा निम्मा भाग आता मिळवायचा. १.४८ चा वर्ग भागिले २०० म्हणजे ०.०११. उत्तर १.४९, व्यवहारात दीड टक्का. पडताळा घ्या: दरवर्षी दीड टक्का दहा वर्षे चक्रवाढीने लावला तर वाढ १६.०५ टक्के येते. जनगणनेने दाखवलेली १५.९९. दर इतका लहान असला की ही शेवटची पायरी सोडली तरी बिघडत नाही. दर दहा टक्क्यांच्या आसपास असला तर मात्र ती सोडता येणार नाही.

याच दशकातले जिल्हे घेतले की सोळा टक्क्यांवर लपलेली चूक उघडी पडते. त्या वेळी पालघर वेगळा झालेला नव्हता. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाख ३२ हजारांवरून १ कोटी १० लाख ६० हजारांवर गेली, वाढ ३६ टक्के. नुसते दहाने भागले तर वार्षिक ३.६. सरासरीची युक्ती वापरली तर ३६ भागिले १.१८, म्हणजे साडेतीसच्या जवळ, आणि वर्षाला ३.०५. खरा लॉग ३.०८ आहे. अर्ध्या टक्क्याचा हा फरक तोंडी बोलण्यात किरकोळ वाटेल, पण पाण्याची किंवा शाळांची पुढच्या वीस वर्षांची गरज काढताना ३.६ घेतला तर लोकसंख्या दुपटीहून जास्त होते, आणि ३.०८ घेतला तर दुपटीच्या आतच राहते. खाडीपलीकडच्या बृहन्मुंबईत मात्र याच दहा वर्षांत वाढ होती ३.८७ टक्के. वर्ग भागिले २०० म्हणजे ०.०७. इथे दहाने भागून ०.३९ म्हणा किंवा नीट काढून ०.३८ म्हणा, कुणाचा निर्णय बदलणार नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात लोकसंख्या घटली, १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर, म्हणजे ४.८२ टक्क्यांनी. घट असली की चुकीची दिशा नीट पाहावी लागते. x ऋण असला तरी त्याचा वर्ग धनच राहतो, म्हणून दुरुस्ती नेहमी खालच्याच बाजूला होते. वाढीतून वर्गाचा निम्मा भाग वजा होतो आणि वाढ लहान होते. घटीतूनही तोच वजा होतो आणि घट मोठी होते. ४.८२ ची घट लॉगमध्ये ४.९४ आहे. नुसत्या टक्क्यांना भागणारा वाढ जास्त सांगतो आणि घट कमी सांगतो. दोन जिल्ह्यांची तुलना करताना या दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात.

दशवार्षिक टक्क्यांवर विसंबून राहण्याची सवय लवकरच अडचणीत येणार आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून ठरली आहे, म्हणजे दोन मोजण्यांत सोळा वर्षांचे अंतर. समजा एखाद्या तालुक्यात या सोळा वर्षांत वाढ पुन्हा सोळा टक्केच निघाली, तर ‘वाढ तेवढीच आहे’ असे म्हणणे साफ चूक ठरेल. लॉग तोच १४.८४, पण आता तो सोळाने भागायचा. वर्षाला ०.९३, आधीच्या १.४८ च्या जागी. लॉग वर्षांच्या संख्येने भागता येतो, संख्या दहा असो की सोळा. टक्क्यांच्या बाबतीत अंतर जितके लांब तितकी भागाकारातली चूक मोठी.

हाच नियम वर्तमानपत्रातल्या दुसऱ्या एका हिशेबामागे उभा आहे. उत्पादन सात टक्क्यांनी वाढले आणि लोकसंख्या दीड टक्क्याने, तर दरडोई उत्पादन किती वाढले? आपण वजाबाकी करून साडेपाच म्हणतो. बँकेची मुदत ठेव सात टक्के देते आणि महागाई पाच टक्के आहे, तर खरे व्याज दोन टक्के म्हणतो. खरे तर दोन्हीकडे भागाकार आहे, १.०७ भागिले १.०१५ आणि १.०७ भागिले १.०५. भागाकाराची लॉगमध्ये वजाबाकी होते. लहान दरांचे लॉग दरांइतकेच असतात, म्हणून दरांचीच वजाबाकी केली तरी चालून जाते. नेमकी उत्तरे ५.४२ आणि १.९० आहेत. साडेपाच आणि दोन ही त्यांची चांगली अदमासाची रूपे.

मग कुठपर्यंत निर्धास्त राहावे? याचे उत्तर हातातला आकडा किती बारकाईने दिलेला आहे यावर ठरते. कुणी ‘सात टक्के’ म्हणाले तर त्याचा अर्थ साडेसहा ते साडेसात यांतले काहीही. त्या आकड्यातच अर्ध्या टक्क्याची ढिलाई आहे. सातवर आपल्या नियमाची चूक ४९ भागिले २००, म्हणजे पाव टक्का, त्या ढिलाईत बुडून जाते. नियमाची चूक अर्धा टक्का होते ती दहावर. म्हणून पूर्ण टक्क्यांत दिलेला दर दहाच्या आत असेल तर दुरुस्ती करणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणे. दर एका दशांशापर्यंत दिला असेल, जसे ४.३, तर ढिलाई टक्क्याचा विसावा भाग. मग ही मर्यादा तीन टक्क्यांच्या जरा वर येते आणि ४.३ वर दुरुस्ती करायला हवी. एवढा एक वर्ग मनात करून पाहिला की नियम कुठे वापरावा हे दर वेळी कळते.

या कसोटीत एक फसगत आहे. ती फसगत शेअर बाजारात पैसे लावणाऱ्यांना महागात पडते. चूक लहान असली तरी तिची दिशा कधी बदलत नाही. दोन विरुद्ध आकड्यांच्या चुका एकमेकींना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. एखादा शेअर वीस टक्के चढला आणि मग वीस टक्के उतरला, तर टक्क्यांची बेरीज शून्य आणि पैशाची चार टक्के घट. वीसचा वर्ग भागिले २०० म्हणजे दोन, चढताना दोन आणि उतरताना दोन, असे ते चार. वीस टक्के मोठे आहेत हे दिसते म्हणून माणूस सावध होतो. पण एक टक्क्याचे काय? समजा वर्षात बाजार २५० दिवस चालला, १२५ दिवस शेअर एक टक्का चढला आणि १२५ दिवस एक टक्का उतरला. एका दिवसाची चूक १ भागिले २००, टक्क्याचा दोनशेवा भाग, सोडून देण्यासारखीच. २५० दिवसांत ती सव्वा टक्का होते. वर्षअखेर शेअर जिथे होता तिथे नसतो, सव्वा टक्का खाली असतो, आणि क्रम कोणताही असला तरी खालीच असतो. म्हणून अनेक पायऱ्यांची बेरीज करताना एका पायरीची चूक पाहून भागत नाही, ती पायऱ्यांच्या संख्येने गुणून पाहावी लागते.

पैसे दुप्पट व्हायला लागणारा काळ हे या नियमाचे सगळ्यांत जुने आणि घरोघर पोचलेले फळ आहे. ७२ ला व्याजाच्या दराने भागा म्हणजे दुपटीची वर्षे मिळतात, हा ठोकताळा इटलीतल्या लुका पाचोलीच्या १४९४ च्या अंकगणिताच्या ग्रंथात दिलेला आहे, नेपियरच्याही शंभरेक वर्षे आधी. आपल्याकडे तो पोस्टाच्या खिडकीवर पडताळता येतो. एप्रिल २०२३ पासून किसान विकासपत्रावर साडेसात टक्के चक्रवाढ व्याज आहे आणि पैसे ११५ महिन्यांत दुप्पट होतात, असे पोस्ट सांगते. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, म्हणजे ११५.२ महिने. ठोकताळा महिन्याच्या पाचव्या भागापर्यंत बरोबर आला.

इतका बरोबर कसा आला, हा प्रश्न मला त्या ठोकताळ्याहून जास्त रंजक वाटतो. दोनचा नैसर्गिक लॉग ०.६९३ आहे. दर वर्षी लॉगमध्ये दराइतकी भर पडते असे धरले, तर दुपटीसाठी ६९.३ भागिले दर इतकी वर्षे हवीत. साडेसातने भागले तर ९.२४ वर्षे, १११ महिने. पोस्टापेक्षा चार महिने कमी. म्हणजे नियम जसाच्या तसा वापरला तर ६९.३ हवे होते, आणि लोकांनी शतकानुशतके वापरले ७२. ही तफावत वर्गाच्या निम्म्या भागातून येते. साडेसात टक्के व्याजाची वर्षाची लॉगमधली भर ७.५ नव्हे. त्यातून ५६.२५ भागिले २००, म्हणजे ०.२८, वजा होऊन ती ७.२२ च्या आसपास राहते. दर वर्षी भर थोडी कमी पडते, म्हणून वर्षे थोडी जास्त लागतात. किती जास्त? दराच्या निम्म्या टक्क्यांनी. आठ टक्के व्याज असेल तर चार टक्क्यांनी. आणि ६९.३ मध्ये चार टक्के मिळवले की ७२.०७ होतात. तेव्हा ७२ ही संख्या आठ टक्क्यांच्या आसपासच्या व्याजासाठी दुरुस्ती आधीच पोटात घेऊन आलेली आहे. ती बारा संख्यांनी भागली जाते हा वरचा फायदा.

यावरून ७२ कुठे चालत नाही तेही कळते. लोकसंख्येसारखे दीड टक्क्याचे दर असतील तिथे दुरुस्ती पाऊण टक्क्याची, म्हणून ७० घ्यावे. दीड टक्क्याने दुप्पट व्हायला ७० भागिले १.५, साधारण ४७ वर्षे लागतात. ७२ घेतले तर ४८ येतात, दीड वर्ष जादा. उलट एखाद्या सावकाराचा किंवा कार्डाच्या थकबाकीचा दर ३६ टक्के असेल तर ७२ ने दोन वर्षे येतात, पण १.३६ चा वर्ग १.८५ आहे. दोन वर्षांत थकबाकी दुप्पट होत नाही, त्याला सव्वादोन वर्षे लागतात. अशा दरांवर दराच्या निम्मे, १८ टक्के, ६९.३ मध्ये मिळवले तर जवळजवळ ८२ येतात, आणि ८२ भागिले ३६ चे उत्तर पुन्हा सव्वादोनच्या जवळ जाते. ठोकताळ्याची संख्या दरानुसार बदलते हे ज्याला माहीत आहे त्याला वेगवेगळ्या संख्या पाठ कराव्या लागत नाहीत.

हा नियम केवळ तोंडी हिशेबाची सोय आहे, संगणक हाताशी असला की त्याची गरज संपते, असा एक समज आहे. दर खूप लहान असला तर नेमके उलटे घडते. संगणक साधारण सोळा अर्थपूर्ण अंक साठवतो. वर्षाचे व्याज सेकंदाला वाटले किंवा मोजमापातला बारीक बदल घेतला की x दशांशचिन्हानंतर आठ-नऊ शून्यांनी सुरू होतो. तो १ मध्ये मिळवला की सोळातली पहिली नऊ-दहा घरे त्या १ आणि त्यामागच्या शून्यांनी अडवली जातात आणि x चे थोडेच अंक शिल्लक राहतात. पायथनमध्ये हे करून पाहता येते:

```
>>> import math
>>> math.log(1 + 1e-10)
1.000000082690371e-10
>>> math.log1p(1e-10)
9.9999999995e-11
```

पहिले उत्तर आठव्या दशांशातच बिघडले आहे. चूक लॉगच्या गणनेत नाही, त्याआधीच्या बेरजेत आहे. दुसरी आज्ञा १ मध्ये x न मिळवता सरळ x वरून लॉग काढते, आणि तिच्या उत्तरात x मधून वर्गाचा निम्मा भाग वजा झालेला स्वच्छ दिसतो. गंमत म्हणजे काहीही गणित न करता उत्तर म्हणून नुसता x, 1e-10, लिहून दिला असता तरी तो पहिल्या उत्तरापेक्षा हजार पटींहून जास्त अचूक ठरला असता. x आणखी लहान केला, 1e-16 इतका, तर `math.log(1 + 1e-16)` चे उत्तर थेट ०.० येते, कारण तेवढा x मिळवूनही संगणकाच्या लेखी बेरीज १ च राहते. वाढीचा दर शून्य नसताना शून्य छापला जातो आणि संगणक कसलीही तक्रार करत नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये लहान दरांचा लॉग घ्यायचा असेल तर `log1p` वापरा. ते उपलब्ध नसेल आणि x दहा कोटींत एकापेक्षा लहान असेल, तर x हेच उत्तर लिहा.